रात्री चिरलेला कांदा सकाळच्या न्याहारीला चालतो का?

पत्र

आमचं घर चोपडा तालुक्यातल्या एका गावात आहे. यजमान आणि दीर सकाळी साडेसहाला शेतात जातात आणि दहाच्या सुमाराला तिथेच न्याहारी करतात. मलाही सातची बस धरायची असते. त्यामुळे कांदा, काकडी, टोमॅटो मी रात्री साडेनऊलाच चिरून ठेवते. सासूबाई म्हणतात, चिरलेला कांदा रात्रभरात हवेतले जंतू ओढून घेतो आणि त्याचं विष होतं. मोबाइलवरही तसा मेसेज आला होता. फ्रीज आहे, पण कांद्याचा वास दुधाला लागतो. म्हणून कधी पाण्यात घालून, कधी मीठ-लिंबू लावून ओट्यावरच झाकून ठेवते. उन्हाळ्यात लाइटही जाते. रोज उरलेला कांदा फेकायला जीव होत नाही. नक्की किती तास ठेवलेला चालतो?

उत्तर

ताई, आधी सरळ उत्तर देते. स्वच्छ हातांनी, स्वच्छ सुरीने चिरलेला कांदा घट्ट झाकणाच्या डब्यात लगेच फ्रीजमध्ये गेला, तर रात्रीचा सकाळी खायला काहीच हरकत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही चालेल. तोच कांदा ओट्यावर रात्रभर राहिला तर मात्र खाऊ नये, मग तो पाण्यात असो, मीठ-लिंबू लावलेला असो की नुसता झाकलेला. चिरलेलं सॅलड फ्रीजबाहेर एकूण दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि भोवतालचं तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त नाही, असा नियम अन्नसुरक्षेत धरतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात रात्री साडेनऊलाही स्वयंपाकघर कितीदा तीस-बत्तीसच्या वर असतं, हे तुम्हाला सांगायला नको.

आता जंतू ओढून घेण्याचं. कांदा हवेतून काही ओढत नाही. त्याच कांद्याबद्दल आपण असंही म्हणतो की खिशात ठेवला की ऊन लागत नाही, कारण तो उष्णता ओढून घेतो. पूर्वी साथीच्या काळात आजारी माणसाच्या खोलीत कांदा कापून ठेवायचे तेही याच समजुतीने. प्रत्यक्षात कांदा चिरल्यावर त्याच्या पेशी फुटतात, आत वेगवेगळे असलेले दोन घटक एकमेकांना भेटतात आणि त्यातून डोळ्यांना झोंबणारा, उग्र वासाचा गंधकयुक्त रस तयार होतो. हा रस जंतूंना थोडाफार आवरही घालतो, पण काही तासांत त्याचा जोर ओसरतो, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नये. सकाळी कांदा कडवट, उग्र लागतो तो याच बदलांमुळे. सासूबाईंना तो वास नकोसा वाटतो यात त्यांचं चुकत नाही. तो वास विषाचा नसतो, एवढंच.

पण जंतू येतातच. ते हवेतून कमी आणि आपल्या हातातून जास्त येतात. कांदा जमिनीत वाढलेला असतो, त्याच्या मुळांच्या बुडख्यात आणि वाळल्या सालात माती अडकलेली असते. चाळीत साठवलेल्या उन्हाळी कांद्याच्या सालाखाली काळी भुकटी दिसते, ती बुरशी असते. आपण साल न काढताच सुरीने दोन भाग करतो, आणि ती सुरी माती व बुरशी घेऊन थेट आतल्या पांढऱ्या भागातून जाते. मग त्याच हाताने ओल्या फडक्याला हात पुसून पुढचा कांदा. म्हणून क्रम बदला. आधी शेंडा आणि बुडखा कापा, वाळलं साल काढा, त्याखालची पातळ पापुद्र्यासारखी पातही काढून टाका, कांदा वाहत्या पाण्याखाली धुवा, हात साबणाने धुवा, सुरी नाहीतर विळीचं पातं आणि पाट पुन्हा धुवा, आणि मगच चिरा. काळी भुकटी वरच्या एखाद्या पातीपुरतीच असेल तर ती पात काढून, धुऊन कांदा वापरता येतो. आत शिरली असेल किंवा कांदा बुडाशी मऊ लागत असेल तर तो सॅलडला घेऊ नका.

ओट्यावरची रात्र वाईट का, त्याचा एक हिशेब मांडते. उबदार तापमानात, ओलसर आणि पोषक अन्नावर, जंतूंची संख्या साधारण अर्ध्या तासात दुप्पट होते असं धरा. सुरुवातीला शंभर असतील तर आठ तासांत सोळा वेळा दुप्पट होऊन ते पासष्ट लाखांवर जातात. कांद्यावर इतका वेग मिळतोच असं नाही, कापलेल्या टोमॅटोवर किंवा शिळ्या भातावर तो जास्त सहज मिळतो. पण पहिले दोन तास निभावतात आणि पुढची रात्र निभावत नाही, ते कशामुळे, हे यातून कळतं. फ्रीजमध्ये चार-पाच अंशांवर बहुतेक जंतूंची वाढ जवळजवळ थांबते. ते मरत नाहीत. बाहेर काढलं की पुन्हा कामाला लागतात, आणि काही मोजके जंतू तर थंडीतही हळूहळू वाढतात. म्हणून घरात गरोदर बाई, तान्हं मूल, खूप म्हातारं किंवा आजारी माणूस असेल तर त्यांच्या ताटात ताजं चिरलेलंच वाढावं.

यावरून तुमच्या हिशेबातली एक गोष्ट मला खटकते. तुम्ही रात्रीचे नऊ तास मोजताय, पण कांदा फ्रीजमध्ये असेल तर त्या नऊ तासांची काळजी सगळ्यात कमी. खरी अडचण सकाळच्या साडेतीन तासांची आहे, आणि ते तास तुमच्या पत्रात कुठेच धरलेले नाहीत. मे महिन्यातला एक दिवस घ्या. साडेनऊला चिरायला सुरुवात केली, पावणेदहाला डबा फ्रीजमध्ये गेला. पंधरा मिनिटं बाहेर. सकाळी सव्वासहाला डबा काढला, साडेसहाला मंडळी निघाली, न्याहारी दहाला. म्हणजे आणखी पावणेचार तास बाहेर, त्यातही नऊनंतर बांधावरच्या सावलीतसुद्धा पारा पस्तिशीच्या वर. नियम एका तासाचा आणि आपण चार तासांवर. इथे रात्री चिरलं काय आणि पहाटे सहाला चिरलं काय, फारसा फरक पडत नाही. तुम्ही पहाटे उठून ताजं चिरलं असतं तरी दहाला ते तितकंच वेळेबाहेर गेलेलं असतं.

म्हणून शेतातल्या डब्यात चिरलेलं काही पाठवूच नका. आपल्याकडची जुनी रीत इथे कामाची आहे. भाकरी, ठेचा आणि बुक्कीने फोडलेला कांदा. न चिरलेल्या कांद्याच्या पेशी शाबूत असतात, रस बाहेर येत नाही, जंतूंना खायला मिळत नाही, आणि तो दहा वाजता काय, बारा वाजताही ताजाच असतो. रात्री फक्त एवढं करायचं: दोघांसाठी दोन मध्यम कांदे वरचं सैल साल काढून, धुऊन, पुसून ठेवा. आतलं घट्ट साल राहू द्या. दोन लहान काकड्या आणि दोन घट्ट टोमॅटो धुऊन अगदी कोरडे करा आणि सुती फडक्यात गुंडाळा. काकडीचे देठ काढू नका. सोबत एक छोटी सुरी, तीही वेगळ्या स्वच्छ कपड्यात. सकाळी नुसतं पिशवीत टाकायचं.

यात एक पथ्य मात्र कडकपणे पाळायला सांगा. कापसावर किंवा मिरचीवर औषध मारलं असेल, खत टाकलं असेल, तर त्याच हातांनी कांदा फोडायचा नाही. पिण्याच्या पाण्याने आणि साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, कांदा डब्याच्या झाकणावर ठेवून फोडायचा, वरचं साल आणि पहिली पात टाकून आतला खायचा. साबणाची वडी डब्याच्या पिशवीतच ठेवा, म्हणजे विसरायला होत नाही.

चिरलेलंच हवं असा घरच्यांचा हट्ट असेल तर गारवा सोबत द्यावा लागेल. अर्धा लिटरची प्लास्टिकची बाटली पाऊण भरून रात्री फ्रीझरमध्ये ठेवा, पाण्याचा बर्फ होताना ते फुगतं म्हणून वरची जागा मोकळी. सकाळी तिला चिकटून सॅलडचा छोटा डबा ठेवा आणि दोन्ही जाड टॉवेलात गुंडाळा. गरम भाजीचा डबा वेगळ्या पिशवीत. दहा वाजता सॅलडचा डबा हाताला गार लागला तर खावं. कोमट लागला तर बाजूला ठेवावं.

आता घरी, फ्रीजमध्ये ठेवण्याचं बघू. तुमचं स्वतःचं आणि सासूबाईंचं ताट घरचंच असेल, तर तिथे रात्रीची तयारी खरंच वेळ वाचवते. दुधाला वास लागतो तो डब्यामुळे. नुसतं वरून बसणारं स्टीलचं झाकण हवा अडवत नाही. रबरी वा सिलिकॉनची कडी असलेला डबा, नाहीतर फिरकीच्या झाकणाची काचेची बरणी घ्या आणि ती कांद्यालाच राखून ठेवा. प्लास्टिकमध्ये वास मुरतो आणि धुऊनही जात नाही. तळाला कागदी रुमालाची घडी टाका म्हणजे सुटलेलं पाणी तो टिपेल. दुधाचं पातेलंही उघडं नको, दोन्ही बाजूंनी झाकलं की तक्रार संपते. डबा फ्रीजच्या दारात ठेवू नका, तिथे सगळ्यात जास्त ऊब लागते. मधल्या फळीवर मागच्या बाजूला ठेवा. फ्रीझरमध्ये बर्फ होतो म्हणजे खालचा कप्पा पुरेसा थंड आहे असं नसतं. फ्रीजचा साधा थर्मामीटर मिळतो, तो पेलाभर पाण्यात बुडवून रात्रभर आत ठेवा आणि सकाळी दार उघडल्याबरोबर बघा. पाच किंवा त्याखाली हवा. मे महिन्यात, जुना फ्रीज, दार सारखं उघडणं आणि मागे भिंतीला चिकटून ठेवलेला, असं असेल तर तो दहा-बारावर गेलेला असू शकतो.

लाइटचं असं आहे की दार बंद ठेवलं तर फ्रीज साधारण चार तास थंडावा धरतो. तेवढ्यात लाइट आली तर काळजी नको. रात्री अकराला गेली आणि सकाळी पाचला आली, तर चिरलेलं सॅलड टाकून द्या. आणि उन्हाळ्यात रात्रीची लाइट जाणं नेहमीचंच असेल, तर त्या दोन महिन्यांपुरती रात्री चिरण्याची सवयच सोडा.

पाणी, मीठ आणि लिंबू याबद्दल तुमच्याइतकाच गैरसमज अनेक घरांत आहे. चिरलेला कांदा गार पाण्यात दहा मिनिटं ठेवला की तिखटपणा उतरतो, ते खरं. पण रात्रभर पाण्यात ठेवला की कांद्यातली साखर आणि रस पाण्यात उतरतो आणि एका फोडीवरचे जंतू सगळ्या फोडींपर्यंत पोचतात. दहा मिनिटांनी निथळून, कोरडा करून मगच डब्यात भरा. मीठ कांद्यातलं पाणी बाहेर ओढतं. सकाळी डब्यात तळाला पाणी आणि वर लुळा कांदा मिळतो. टिकण्यासाठी लागतं तेवढं मीठ घातलं तर तो खारवलेला कांदा होईल, कोशिंबीर नव्हे. मीठ वाढतानाच घाला. अर्धं लिंबू पिळल्याने चव येते आणि रंग खुलतो, पण तेवढ्या आंबटपणाने वाटीभर कांदा टिकत नाही. आंबट करून ठेवायचाच असेल तर नीट करा: काचेच्या बरणीत उभा चिरलेला कांदा, तो पूर्ण बुडेल इतकं निम्मं व्हिनेगर आणि निम्मं उकळून गार केलेलं पाणी, चमचाभर मीठ, आणि बरणी फ्रीजमध्ये. असा कांदा तीन-चार दिवस छान राहतो. बरणीत नेहमी कोरडा चमचा घाला. हे पितळी किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात करू नका, आंबटाने भांड्याचा धातू कांद्यात उतरतो.

कसं चिरता यावरही बरंच अवलंबून आहे. शेंड्यापासून बुडख्याकडे उभा चिरलेला कांदा आडव्या चकत्यांपेक्षा सौम्य राहतो, कारण उभ्या चिरण्यात कमी पेशी फुटतात. बोथट सुरी कांदा कापत नाही, चेचते, आणि सकाळी तोच कांदा सगळ्यात जास्त उग्र लागतो. बारीक चिरलेल्यापेक्षा जाड फोडी बऱ्या, आणि फोडींपेक्षा अर्धा अख्खा कांदा बरा. मला विचाराल तर रात्री सोलून, धुऊन, अर्धा करून बंद डब्यात ठेवावा आणि सकाळी ताटावर बसताना चिरावा. त्याला मिनिटही लागत नाही. रात्रीचा वेळ जातो तो सोलण्या-धुण्यात, चिरण्यात नव्हे.

टोमॅटो रात्री चिरू नका. तो आंबट असल्यामुळे टिकेल असं वाटतं, पण हगवण-ताप आणणारे साल्मोनेला जंतू कापलेल्या टोमॅटोवर चांगले वाढतात. म्हणून कापलेला टोमॅटो थंड ठेवायच्या पदार्थांतच धरतात. काकडीही सकाळीच चिरा, नाहीतर पाणी सोडून मऊ पडते. गाजर आणि मुळ्याचे लांब तुकडे मात्र रात्री करून बंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवले तर सकाळीही कुरकुरीत राहतात. दही, दाण्याचं कूट, फोडणी यातलं काहीही रात्री मिसळू नका.

वास आला नाही म्हणजे चांगलं, असं मात्र धरू नका. बोटाला बुळबुळीत लागणं, तार सुटणं, आंबूस वास, तळाचं गढूळ पाणी, यातलं एक जरी दिसलं तरी फेकायचं. पण पोट बिघडवणारे जंतू पुष्कळदा वास, रंग, चव काहीच बदलत नाहीत. तिथे घड्याळच बघावं लागतं. डब्याच्या झाकणावर चिरल्याची वेळ लिहिलेली चिकटपट्टी लावली की घरात वाद राहत नाही.

हिवाळ्यात भरिताचा बेत असला की हाच प्रश्न मोठ्या प्रमाणात येतो, म्हणून तेही सांगते. चाळीस-पन्नास माणसांसाठी कांदा आणि पात आदल्या रात्री चिरून मोठ्या पातेल्यात भरून अंगणात ठेवतात, बाहेर थंडी आहे म्हणून. धुळ्या-जळगावकडे पहाटे हात गारठतात हे खरं, पण पातेल्यात दाबून भरलेल्या चार-पाच किलो पातीचा मधला भाग तासन्‌तास कोमटच राहतो. चिरलेली भाजी स्वतःही थोडी ऊब सोडते. सकाळी वरची पात हिरवीगार आणि मधली घामेजलेली, वास मारणारी निघते ती त्यामुळे. पात रात्री निवडून, धुऊन, चाळणीत निथळत ठेवा आणि अख्खीच सुती कपड्यावर पसरा, चिरायचं सकाळी. कांदे रात्री सोलून ठेवा. सकाळी दोन विळ्यांवर दोघी बसल्या तरी वांगी भाजून होईपर्यंत चिरून होतं.

उरलेल्या कांद्याचं म्हणाल, तर तो उरतो कारण चिरला जास्त जातो. एका माणसाला अर्धा मध्यम कांदा भरपूर होतो. फ्रीजमध्येच राहिलेला, ताटात न गेलेला कांदा दोन-तीन दिवसांत भाजीच्या फोडणीला वापरा. त्यात वाया काहीच जात नाही, फक्त कच्चा वाढू नका. ओट्यावर रात्र काढलेला कांदा मात्र तेलात परतून "सुधारायचा" प्रयत्न करू नका. काही जंतू वाढताना विषारी द्रव्य सोडतात आणि ते फोडणीच्या आचेने जात नाही.

सासूबाईंना मेसेज खोटा आहे हे पटवत बसू नका. त्यांचा आग्रह ओट्यावरच्या कांद्यापुरता बरोबरच आहे, हे आधी सांगा. मग सोललेला अर्धा कांदा डब्यातून काढून त्यांच्यासमोर चिरा, आणि त्यांना हवा तर त्यांच्यासाठी सकाळी नवा फोडा.